पाण्याच्या ग्लासात मध कळत नाही, रंगावरून गूळ कळत नाही

प्रश्न: घरात दोन मध आहेत. एक नावाजलेल्या ब्रँडचा, लेबलवर ‘100 टक्के शुद्ध’. दुसरा ओळखीच्या माणसाने महाबळेश्वरकडून पावसाळ्यानंतर आणून दिलेला. पाण्यात थेंब टाकला की ब्रँडचा सरळ तळाला जातो, गावचा पसरतो. शिवाय गावचा आता खाली तुपासारखा थिजलाय आणि वर पातळ राहिलाय. म्हणजे गावचा भेसळीचा ना? गुळाचंही तसंच. पिवळाधमक ‘केमिकल फ्री’ घ्यावा की काळपट? घरी ओळखायची खात्रीची युक्ती सांगा.

उत्तर: नाही, तुम्ही केलेल्या चाचणीवरून गावचा मध भेसळीचा ठरत नाही, आणि ब्रँडचा शुद्धही ठरत नाही. मी बरीच वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मध आणि गुळाचे नमुने तपासलेत. घरी करता येईल अशी खात्रीची युक्ती मधासाठी नाही, हे आधीच सांगतो. गुळाच्या बाबतीत घरी थोडंफार कळतं. पण पाण्याची चाचणी नेमकं काय मोजते हे एकदा लक्षात आलं, की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

थेंब पाण्यात तळाला जाणं, काडी मधात बुडवून पेटणं, टिपकागदावर डाग न पसरणं, अंगठ्यावर थेंब जागच्या जागी राहणं, या सगळ्या चाचण्या एकच गोष्ट बघतात: तो द्रव किती दाट आहे, म्हणजे त्यात पाणी किती कमी आहे. पूर्वी त्यांचा उपयोग होत असे, कारण पूर्वीची भेसळ म्हणजे साखरेचा पाक. घरातल्या तापमानाला साखर पाण्यात साधारण दोन तृतीयांशापर्यंतच विरघळून राहते. त्याहून घट्ट पाक केला तर थंड झाल्यावर तळाशी खडे धरतो. म्हणून भेसळ करणाऱ्याला पाक पातळच ठेवावा लागे आणि पाण्याच्या ग्लासात तो उघडा पडे. मधात मात्र जवळजवळ 80 टक्के साखरा असतात आणि तरी तो वाहता राहतो, कारण त्यात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतं, ऊससाखर फार थोडी.

आता कारखान्यात तयार होणारे सिरप मधाइतकेच दाट मिळतात. आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्यांसमोर मी तीन ग्लास मांडत असे. एकात बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, त्यात थोडा रंग. दुसऱ्यात सातेरी या आपल्याकडच्या पाळीव मधमाशीच्या पेटीतला पावसाळा संपताना काढलेला मध. तिसऱ्यात बाजारातला बाटलीबंद मध. पहिल्या ग्लासातला थेंब दोरीसारखा सरळ खाली उतरून तळाशी गोळा होऊन बसायचा. सातेरीचा मध ग्लासच्या मध्यावर येईपर्यंतच धुरासारखा फाकायचा. खरा मध कोणता असं विचारलं की बहुतेक हात पहिल्या ग्लासाकडे जात, आणि त्यात मधाचा एक थेंबही नसायचा.

आता तुमच्या गावच्या बाटलीकडे येतो, कारण तिच्यात काय घडलंय ते अगदी स्पष्ट आहे. पावसाळ्यात किंवा त्याच्या शेवटी काढलेल्या मधात ओलावा जास्त असतो. पोळ्यातली घरं मेणाने बंद व्हायच्या आधी मध काढला तर आणखी जास्त. एफएसएसएआयच्या मानकात ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, पण आपल्याकडचा सातेरीचा आणि आग्या मोहोळाचा मध कित्येकदा त्याच्या वर असतो. असा मध मानकात बसत नाही. पण त्यात कोणी काही मिसळलंय असाही त्याचा अर्थ होत नाही.

मग थिजण्याचं काय? मधातलं ग्लुकोज हळूहळू बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि तळाशी बसतं. ते बसताना पाणी फार थोडं सोबत नेतं. उरलेलं पाणी वरच्या द्रवात राहतं, म्हणून वरचा थर मूळ मधापेक्षाही पातळ होतो. तुम्ही थेंब घेतलात तो बाटलीच्या तोंडाशी होता त्या थरातला. तो पाण्यात पसरला नसता तरच नवल. बाटली झाकण लावून साधारण 40 अंशांच्या, म्हणजे हाताला कोमट लागेल अशा पाण्यात तासभर उभी ठेवा. कण विरघळले की नीट ढवळा आणि मग थेंब टाकून बघा. फरक तुम्हाला स्वतःलाच दिसेल. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये मात्र तापवू नका. त्याने मधातली पाचक द्रव्यं मरतात आणि एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. मध किती भाजलाय हे प्रयोगशाळेत त्यावरूनच ओळखतात आणि मानकात त्याला किलोला 80 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

थिजणं हा दोष नाही, तसा तो शुद्धतेचा दाखलाही नाही. सूर्यफुलाचा किंवा मोहरीचा मध काही आठवड्यांत घट्ट होतो, काही फुलांचा वर्ष वर्ष होत नाही. ब्रँडचा मध थिजत नाही कारण तो तापवून बारीक गाळलेला असतो. त्यात सिरप असेल तरीही तो थिजणार नाही, आणि नसेल तरीही कदाचित थिजणार नाही. बोटांत चुरडून बघा. मधाचे कण बहुधा बारीक, लोण्यासारखे विरघळणारे लागतात. तळाशी कडक, कोनेदार, दाताखाली करकरणारे खडे असतील तर पाकाचा संशय घ्यायला जागा आहे.

गावच्या मधाबद्दल मला शंका वेगळीच येते आणि ती तुम्ही त्या ओळखीच्या माणसाला सरळ विचारा. महाबळेश्वरच्या पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही, फुलोराही नसतो. तेव्हा पेटी जगवायला पेटीपाळ साखरेचं पाणी देतात. ते द्यावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण ते पाणी माश्या पोळ्यात साठवतात आणि पाऊस संपताच घाईने मध काढला तर त्यात ती साखरही येते. माशीच्या पोटातून गेल्यामुळे तिचं रूप मधासारखंच होतं, जिभेला ओळखू येत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: साखरपाणी देणं कधी थांबवलं, आणि मध कधी काढला? जो माणूस हे तारखेनिशी सांगतो त्याच्या मधावर मी विश्वास ठेवीन. ‘आमचा एकदम ओरिजिनल’ एवढंच सांगणाऱ्यावर ठेवणार नाही.

बाटली उघडताना फसकन हवा सुटत असेल, वर फेस येत असेल आणि वास आंबूस असेल तर वरचा थर आंबायला लागलाय. तुमच्या मधात ही भीती खरी आहे, कारण ओलावा वर गोळा झालाय. ढवळून झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा.

आता ब्रँडची बाटली. इथे कारखान्यातल्या सिरपचा मुद्दा येतो. ऊस आणि मका या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात, तर माश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतेक झाडं दुसऱ्या पद्धतीने. त्यामुळे साखरेतल्या कार्बनवरून ऊस किंवा मक्याचं सिरप प्रयोगशाळेत पकडता येतं. त्याला सी-4 चाचणी म्हणतात. भात मात्र फुलझाडांच्याच गटातला. तांदळाचं सिरप मिसळलं की ही चाचणी गप्प बसते. मग त्याच्यासाठी वेगळ्या खुणा शोधाव्या लागल्या. त्या खुणाही चुकवणारे सिरप आले, तेव्हा एनएमआर नावाच्या महागड्या यंत्राकडे वळावं लागलं. 2020 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँडचा मध तपासून घेतल्याचं जाहीर केलं. त्यातले बहुतेक ब्रँड भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत पास झाले होते, पण जर्मनीतल्या प्रयोगशाळेतली एनएमआर धरून सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त तीन. कंपन्यांनी ते निष्कर्ष फेटाळले. तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण ज्या भेसळीला पकडायला परदेशातलं यंत्र लागतं ती काडी पेटवून कळेल, ही आशा सोडायला हवी.

ब्रँड मोठा आहे की छोटा, यावरून मी काहीच ठरवत नाही. लेबल मात्र वाचतो. ‘शुद्ध’ या शब्दाला कायद्यात अर्थ आहे. 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांप्रमाणे एकाच घटकाच्या, काही न मिसळलेल्या पदार्थालाच तो वापरता येतो. पण यात एक फट आहे. ‘शुद्ध’, ‘नॅचरल’, ‘ओरिजिनल’ असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर निदान 3 मिलिमीटरच्या अक्षरांत एक खुलासा छापावा लागतो: हे फक्त ब्रँडचं किंवा ट्रेडमार्कचं नाव आहे, ते पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही. बाटली फिरवून हे वाक्य शोधा. ते सापडलं, तर पुढच्या बाजूचा मोठा शब्द हा दावा नसून नाव आहे.

त्यानंतर पदार्थाचं नाव बघा. नुसतं ‘मध’ आहे की ‘हनी सिरप’, ‘हनी फ्लेवर्ड’, ‘मधयुक्त’? घटकांच्या यादीत मधाशिवाय दुसरं काही असेल तर तो वेगळा पदार्थ झाला. पोषणमूल्यांचा तक्ता मात्र सोडून द्या. 100 ग्रॅमला 80 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं हा आकडा मधाचाही तोच आणि सिरपचाही तोच. ‘वनमध’, ‘हिमालयन’, ‘रॉ’ हे शब्द कुठून आणलं किंवा किती कमी प्रक्रिया केली एवढंच सुचवतात, त्यावरून भेसळीचा निकाल लागत नाही. एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक असतो. तो 1 ने सुरू झाला तर परवाना, 2 ने सुरू झाला तर लहान उत्पादकाची नोंदणी. foscos.fssai.gov.in वर तो टाकून उत्पादक खरोखर नोंदलेला आहे का ते बघता येतं. पण परवाना हा उत्पादकाचा असतो. तुमच्या हातातली बाटली कोणी तपासलीय असा त्याचा अर्थ होत नाही.

‘एनएमआर टेस्टेड’ छापलं असेल तर कंपनीला एक ई-मेल करा: बाटलीवरच्या बॅच क्रमांकाचा अहवाल पाठवा. देशात विकायच्या मधाला एनएमआर सक्तीची नाही. अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी ती 1 ऑगस्ट 2020 पासून सक्तीची केली. म्हणजे इथे ती करणारा स्वखुशीने करतो, आणि केली असेल तर त्याच्याकडे कागद असतोच. तुमच्याच बॅचचा अहवाल आला तर दावा खरा. दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच बॅचचा आला किंवा उत्तरच आलं नाही, तर तो शब्द विसरून जा.

एक गोष्ट जाता जाता, सह्याद्रीतल्या माणसाला माहीत असावी अशी. मानकात ऊससाखरेची मर्यादा 5 टक्के आहे, पण कारवीच्या मधाला 10 टक्क्यांपर्यंत सूट दिलेली आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि तिच्या मधात ही साखर मुळातच जास्त असते. त्यामुळे कारवीच्या मधाचा अहवाल वाचताना 7 टक्के बघून घाबरू नका. पण अहवालावर ‘कारवी’ असं लिहिलेलं हवं आणि त्या वर्षी कारवी फुललेली हवी.

आता गूळ. इथे तुम्ही रंगावरून दोन बाजू पाडल्यात आणि त्याच चुकतात. रस काहिलीत उकळताना मळी वर येते. ती नीट काढायला भेंडीच्या झाडाचा चीक वापरतात, थोडा चुना घालतात. गुळव्याने मळी वेळेवर काढली आणि आच सांभाळली तर गूळ उजळच होतो. शिवाय को 92005 किंवा को सी 671 सारख्या जातींच्या उसाचा गूळ मुळातच उजळ, तर खारवट जमिनीतल्या उसाचा काळपट आणि खारट. उलट, मळी काढायचा कंटाळा केला किंवा पाक करपला तरी गूळ काळाच होतो. काळा गूळ म्हणजे नैसर्गिक हे समीकरण आता दुकानदारांनाही पाठ झालंय, त्यामुळे काळपटपणाचीही किंमत लावली जाते.

पिवळाधमक रंगामागचा खरा प्रश्न हायड्रोसचा आहे. सोडियम हायड्रोसल्फाइटची ही पावडर पाकात टाकली की रंग लगेच उतरतो. मागे गंधक उरतं. सल्फर डायऑक्साइडच्या हिशोबात त्याची मर्यादा दशलक्षात 70 भाग आहे. दम्याच्या माणसाला त्याहून जास्तीचा त्रास होऊ शकतो. हायड्रोसचा रंग टिकत नाही, आणि घरी उपयोगी पडणारी सगळ्यात चांगली खूण हीच. ढेपेचा एक तुकडा तोडून हवेशीर जागी महिनाभर ठेवा, एक हवाबंद डब्यात. उघड्यावरचा वरून वरून तांबूस-काळपट होत गेला आणि तोडल्यावर आत पिवळाच निघाला, तर हायड्रोसचा संशय बळावतो. थोडंफार काळवंडणं कुठल्याही गुळाचं होतं, म्हणून दोन वेगवेगळ्या दुकानांचे गूळ शेजारी शेजारी ठेवून बघा. एकट्या गुळावरून अंदाज चुकतो.

दुसरी तपासणी आजच करता येईल. 50 ग्रॅम गूळ किसून अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा, काचेच्या उभट भांड्यात ओता आणि दोन तास हलवू नका. वर तरंगतो तो उसाचा चोथा आणि चिपाडाचे तुकडे. ते घाण आहेत, भेसळ नाही. तळाशी करडी-काळी माती किंवा मळी बसते. पांढरी, पिठासारखी पूड बसली तर खडूची पूड असू शकते. मानकाप्रमाणे न विरघळणारा गाळ 2 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे तुमच्या 50 ग्रॅमला 1 ग्रॅम, सुकल्यावर साधारण पाव चमचा. वरचं पाणी अलगद ओतून द्या आणि गाळावर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे फसफसले तर खडू किंवा चुनखडी. नाही फसफसले तर एवढंच कळलं की खडू नाही. पाकात घातलेला सोडा उकळतानाच रसातल्या आम्लाशी मरून जातो, तो इथे सापडणार नाही.

गुळाने दूध फाटलं की लोक गूळ नकली म्हणतात. उलटं आहे. ऊसरस मुळात किंचित आंबट असतो, त्याचा गूळ उकळत्या दुधाला फाडू शकतो. सोडा किंवा चुना भरपूर घातलेल्या गुळाने दूध सहसा फाटत नाही.

गुळात सगळ्यात मोठी भेसळ साखरेची, आणि ती घरात तर नाहीच, मानकाच्या आकड्यांतही नीट सापडत नाही. गुळात ऊससाखर कोरड्या वजनावर किमान 60 टक्के आणि एकूण साखरा किमान 90 टक्के असाव्यात, असं मानक म्हणतं. काहिलीत साखरेची पोती ओतली की हे दोन्ही आकडे वाढतात, म्हणजे गूळ कागदावर आणखी ‘चांगला’ होतो. कमी होतात ते क्षार आणि फोडलेल्या साखरा, म्हणजे ऊससाखर फुटून झालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्याचा एक परिणाम स्वयंपाकघरात दिसतो. खरा गूळ पावसाळ्यात ओल धरतो, पाघळतो, डब्याला चिकटतो, कारण ते क्षार आणि फोडलेल्या साखरा हवेतलं पाणी ओढतात. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवूनही जी ढेप खडखडीत कोरडी राहते, तोडली की चकचकीत मोठे कण दिसतात आणि चव नुसती गोड लागून संपते, खारट-तुरट मागे काही उरत नाही, तो गूळ मी परत घेत नाही.

‘केमिकल फ्री’ या शब्दाला लेबलवर काही आधार आहे का ते बघा. सेंद्रिय म्हटलं असेल तर ‘जैविक भारत’ची खूण आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते गूळ कुठला हे सांगतं, त्यात काय घातलंय ते नाही. शक्य असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये एखाद्या गुऱ्हाळावर जा आणि काहिलीजवळ उभे राहा. साखरेची रिकामी पोती आणि हायड्रोसचे डबे तिथे लपत नाहीत.

मोठा संशय असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे सामान्य गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. भेसळ निघाली तर फी परत मिळते. अट एकच आहे: खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. म्हणजे तुमची घरातली उघडी बाटली त्यासाठी चालणार नाही. त्याच बॅचची सीलबंद बाटली नव्याने घ्यावी लागेल, आणि बिल जपून ठेवा.